फिकट राखाडी टॉपकोट: बॅच परत पाठवण्याच्या प्रकल्प नोंदी

काम: कंट्रोल कॅबिनेटचे दरवाजे, बाजूचे पत्रे आणि वरचं झाकण
पेंट: टू-पॅक ॲक्रिलिक पॉलियुरेथेन टॉपकोट, ग्लॉसी, फिकट राखाडी (आरएएल ७०३५ च्या जवळचा, ग्राहकाच्या मास्टर पॅनेलप्रमाणे)

८ जुलै २०२४

टॉपकोटची नवी बॅच गोदामात आली. बेसच्या २० लिटरच्या २४ बादल्या, म्हणजे ४८० लिटर, आणि ४:१ प्रमाणाने लागणारा हार्डनर ५ लिटरच्या २४ डब्यांत. सीलं शाबूत आहेत, बादल्यांवरचा बॅच नंबर चलानाशी जुळतो. सोबतच्या टेस्ट सर्टिफिकेटवर रंगाच्या रकान्यात एकच आकडा आहे: ΔE, म्हणजे रंगातला एकूण फरक, ०.६६, पास.

सगळ्या बादल्यांना पिवळा होल्ड टॅग लावला. शेडचं रीडिंग होईपर्यंत लाइनवर एकही बादली द्यायची नाही. मागच्या बॅचच्या अडीच बादल्या शिल्लक आहेत. तेवढ्यावर बुधवारपर्यंतचे दरवाजे निघतील.

करारात काय ठरलं आहे ते इथे लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं राहणार. तुलना फक्त दोन्ही बाजूंनी सही केलेल्या मास्टर पॅनेलशी. आरएएलच्या पंख्यातलं कार्ड शेड निवडायला चालतं, बॅच पास-नापास करायला नाही. रीडिंग गोल-भूमितीच्या (डी/८) स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, चकाकी धरून (एससीआय), डी ६५ प्रकाश, १० अंशांचा निरीक्षक. सूत्र १९७६ चं:

```
ΔE*ab = √( ΔL*² + Δa*² + Δb*² )
```

मर्यादा: ΔE ०.८ पर्यंत, आणि त्याशिवाय उजेडातला फरक ΔL ±०.६, लाल-हिरव्यातला Δa ±०.३, पिवळ्या-निळ्यातला Δb ±०.५. ही वेगळी कलमं मुद्दाम घातलेली आहेत. फिकट राखाडीत डोळा उजेडातला थोडा फरक सोडून देतो, पण पिवळेपणा किंवा लालसरपणा लगेच पकडतो. दरवाजा एका बॅचचा आणि शेजारचा पत्रा दुसऱ्या बॅचचा असला की सांध्यावर तो फरक उघडा पडतो. एकटा ΔE फरक किती तेवढं सांगतो, कुठल्या दिशेने ते सांगत नाही.

९ जुलै

सॅम्पल पाच बादल्यांमधून काढलं: वरच्या थरातून दोन, मधून एक, तळाच्या थरातून दोन. २४ च्या वर्गमुळाच्या आसपास बादल्या उघडायच्या, हा आमचा नेहमीचा हिशोब. उघडलेल्या बादल्यांचे क्रमांक नोंदवले. माल परत गेला तर ‘इतक्या बादल्या उघड्या का’ हा प्रश्न यायला नको.

ढवळण्याकडे खास लक्ष दिलं. टायटॅनियम डायऑक्साइड जड असतं, ते तळाशी बसतं. तळ न खरवडता वरचा पेंट घेतला तर शेड वेगळीच दिसते, आणि पुरवठादाराचं पहिलं उत्तर ‘नीट ढवळलं नसेल’ हेच असतं. म्हणून प्रत्येक बादलीचा तळ पट्टीने खरवडून वर आणला, मग एअर स्टररने १५ मिनिटं ढवळलं आणि पट्टी पुन्हा तळाला लावून पाहिली. पट्टीला गाळ लागला नाही. त्यानंतरच हार्डनर टाकला, थिनरने फोर्ड कप बी४ वर १९ सेकंदांना आणलं.

१५० × १०० मिमीच्या सीआरसीए पॅनेलवर नेहमीचा राखाडी इपॉक्सी प्रायमर, त्यावर टॉपकोट. नव्या बॅचची पाच पॅनेलं, एका बादलीचं एक. सोबत मागच्या बॅचच्या शिल्लक पेंटचं एक पॅनेल. तीच गन, तोच माणूस, त्याच लॉटचा हार्डनर, तोच थिनर, आणि सगळी पॅनेलं एकाच हँगरवर एकाच वेळी ओव्हनमध्ये: पत्र्याचं तापमान ८० अंश, ३० मिनिटं. मागच्या बॅचचं हे पॅनेल सगळ्यात कामाचं. ओव्हनने, हार्डनरने किंवा गनने काही केलं असेल तर ते या पॅनेलवरही दिसायलाच हवं.

दुसऱ्या बादलीच्या पॅनेलवर रब-अप केलं. पेंट उडाला, पण अजून ओला आहे, एवढ्यात एका कोपऱ्यात बोटाने गोल गोल चोळायचं. रंगकण गुठळ्या करून बसले असतील किंवा काळा कण वर तरंगून आला असेल तर चोळलेला भाग वेगळ्या शेडचा वाळतो. चोळलेला भाग खरबरीत राहून चालत नाही, नाहीतर चकाकीतला फरक रंगाच्या फरकासारखा दिसतो. इथे भाग सपाट वाळला आहे.

तिसऱ्या बादलीचं आणखी एक पॅनेल पातळ-जाड असं केलं: अर्ध्यावर दोन पास, अर्ध्यावर तीन.

१० जुलै

पॅनेलं रात्रभर खोलीतच ठेवली होती. ओव्हनमधून काढलेलं गरम पॅनेल मोजू नये, हे नव्या मुलांना पुन्हा सांगितलं. पिवळ्या-लाल रंगकणांची शेड तापमानाने बदलते आणि थंड झाल्यावर परत येते. खोलीचं तापमान २५ अंश.

आधी मशीन. ब्लॅक ट्रॅप आणि पांढऱ्या टाइलवर कॅलिब्रेशन, मग हिरव्या टाइलवर तपासणी. फरक ०.०६, ठीक. मग मास्टर पॅनेल स्वतः. ते काळ्या पाकिटात कपाटात असतं, तरी पेंटच आहे, काळाने पिवळं पडू शकतं. सही झाली त्या दिवशीच्या नोंदीशी ताडलं: ΔE ०.०९. म्हणजे मास्टर हललेलं नाही.

मग पॅनेलं, प्रत्येकी पाच ठिकाणी, कडा सोडून. नव्या बॅचच्या पाच पॅनेलांची सरासरी:

ΔL −०.५१, Δa +०.१८, Δb +१.१२, ΔE १.२४.

सर्वांत कमी ΔE १.१९, सर्वांत जास्त १.२९. पाचही बादल्या एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की ढवळण्याचा किंवा एखाद्याच खराब बादलीचा प्रश्न उरत नाही. अख्खी बॅच एकसारखी आहे आणि अख्खीच पिवळी आहे.

मागच्या बॅचचं पॅनेल: ΔL +०.११, Δa −०.०४, Δb +०.१९, ΔE ०.२२. उत्तम.

ΔL आणि Δa दोन्ही मर्यादेत आहेत. नापास होतंय ते Δb मुळे, आणि तेही दुपटीहून जास्त. लाइट बूथमध्ये डी ६५ खाली मास्टर आणि नवं पॅनेल कडेला कड लावून ठेवलं. तीन जणांनी वेगवेगळं पाहिलं, तिघांनीही नवं पॅनेल ‘पिवळट, जरा मळकट’ म्हणून बाजूला काढलं.

बाकीची रीडिंगं: रब-अपचा भाग आणि न चोळलेला भाग यांत ΔE ०.०८. पातळ भाग ३८ मायक्रॉन, जाड भाग ५४ मायक्रॉन, दोघांत ΔE ०.११. ६० अंशांची चकाकी मास्टरवर ८७, नव्यावर ८६.

११ जुलै, सकाळ

नोट लिहिण्याआधी कारणाचा अंदाज बांधला. कारण शोधणं पुरवठादाराचं काम आहे हे खरं, पण आकडे कुठे बोट दाखवतात ते आपल्याला कळलं नाही तर ते सुचवतील तो उपाय बरोबर की चूक हेही कळणार नाही.

या शेडमध्ये पांढरा टायटॅनियम, कार्बन ब्लॅक आणि थोडा पिवळा आयर्न ऑक्साइड असतो. पांढऱ्यात मिसळलेला कार्बन ब्लॅक किंचित निळसर दिसतो. त्या काळ्याच्या गुठळ्या झाल्या तर त्याचा जोर कमी होतो, निळसरपणा जातो आणि शेड पिवळीकडे सरकते. पण जोर कमी झाला म्हणजे शेड उजळायलाही हवी, ΔL अधिकमध्ये यायला हवा. इथे तो उणे आहे, आणि रब-अपही स्वच्छ आहे. म्हणजे गुठळ्या नाहीत.

ओव्हनमध्ये जास्त भाजलं गेलं असतं तर जुन्या बॅचचं पॅनेलही पिवळं पडलं असतं. हार्डनरचंही तेच. थर पातळ पडून प्रायमर डोकावत असता तर ३८ आणि ५४ मायक्रॉनमध्ये फरक दिसला असता.

शेड गडद होते, पिवळी होते आणि किंचित लालसर होते, हे तिन्ही एकाच वेळी घडवणारी साधी गोष्ट म्हणजे पिवळा ऑक्साइड जास्त पडणं. खात्रीने म्हणता येत नाही, पण आकडे तिकडेच नेतात.

११ जुलै, दुपार: पुरवठादाराला पाठवलेली नोट

प्रति,
गुणवत्ता विभाग प्रमुख

विषय: टॉपकोट बेस, फिकट राखाडी, ४८० लिटर: शेड मर्यादेबाहेर असल्याने बॅच नाकारणे

महोदय,

८ जुलै रोजी मिळालेली वरील बॅच मान्य मास्टर पॅनेलशी तुलना करता करारातील शेड मर्यादेत बसत नाही. त्यामुळे संपूर्ण बॅच आम्ही नाकारत आहोत.

२४ पैकी ५ बादल्यांतून नमुने घेतले. डी/८, एससीआय, डी ६५, १० अंश या ठरलेल्या मांडणीत पाच पॅनेलांची सरासरी अशी आहे: ΔL −०.५१ (मर्यादा ±०.६), Δa +०.१८ (मर्यादा ±०.३), Δb +१.१२ (मर्यादा ±०.५), ΔE १.२४ (मर्यादा ०.८). पाच पॅनेलांतील ΔE १.१९ ते १.२९ या दरम्यान आहे.

त्याच दिवशी, त्याच हार्डनर व थिनरसह, त्याच ओव्हनमध्ये केलेल्या आपल्या मागील बॅचच्या पॅनेलचा ΔE ०.२२ आहे. रब-अप, थराची जाडी व चकाकी तपासली असून फरकाचे कारण त्यांत आढळलेले नाही. सर्व रीडिंगची फाइल, पॅनेलांचे फोटो आणि जाडीची नोंद सोबत जोडली आहे. नव्या बॅचची दोन आणि मागील बॅचचे एक पॅनेल कुरिअरने पाठवत आहोत.

आपल्या टेस्ट सर्टिफिकेटवर ΔE ०.६६ नोंदलेला आहे. तो कोणत्या स्टँडर्डशी, कोणत्या मांडणीत आणि ड्रॉडाउनवर की स्प्रे पॅनेलवर मोजला, हे कृपया कळवावे. ΔL, Δa, Δb ही पाठवावेत.

बॅच आमच्या गोदामात वेगळी ठेवली आहे. पाच बादल्या उघडल्या असून त्यांचे क्रमांक जोडपत्रात आहेत. हार्डनरबद्दल तक्रार नाही, तो आम्ही ठेवून घेत आहोत. कृपया बेसच्या बदली बॅचची तारीख कळवावी. ती पाठवण्यापूर्वी आपल्याकडील मास्टर पॅनेलशी तुलना केलेले स्प्रे पॅनेल मंजुरीसाठी यावे.

आपला,
इनकमिंग तपासणी विभाग

नोट गेल्यावर पिवळे टॅग काढून लाल लावले. ‘पिवळट’, ‘मळकट’ हे बूथमधले शब्द नोटमध्ये घेतले नाहीत. आपल्याला मळकट वाटलं ते समोरच्याला वाटेलच असं नाही, पण Δb +१.१२ दोघांना सारखाच वाचता येतो. पिवळ्या ऑक्साइडचा अंदाजही बाहेर ठेवला, कारण तो चुकीचा निघाला तर चर्चा त्याच्यावरच अडकते आणि नापास रीडिंग बाजूला राहतं.

१२ जुलै

उत्तर आलं. त्यांच्या रीडिंगप्रमाणे बॅच पास आहे, दोन मशीनमध्ये फरक असू शकतो, संयुक्त तपासणी करू. सोबत दोन पर्याय: दरात सूट घेऊन बॅच वापरावी, किंवा त्यांचा टेक्निशियन इथे येऊन बादल्यांत निळा टिंटर घालून शेड दुरुस्त करून देईल.

सूट चालणार नाही. जुन्या बॅचचे दरवाजे कॅबिनेटवर चढलेले आहेत, त्यांच्या शेजारी हे पत्रे बसणार.

टिंटरचं थोडं सविस्तर लिहितो, कारण लाइनवरून ‘घालू द्या की निळा, काय बिघडतं’ असं विचारलं गेलं. निळ्याने Δb खाली येईल हे खरं. पण पेंटमध्ये कुठलाही रंगकण घातला की शेड गडद होते, फक्त पांढरा सोडून. ΔL आधीच −०.५१ वर आहे, मर्यादा −०.६. निळा घातला की तो बाहेर जाणार, मग पांढरा घालावा लागणार, म्हणजे चकाकी आणि थिक्सोट्रॉपी दोन्ही हलणार. त्याहून वाईट म्हणजे मूळ फॉर्म्युल्यात निळा नाहीच. डी ६५ खाली जुळवलेली अशी शेड पिवळ्या बल्बखाली किंवा टीएल ८४ ट्यूबखाली मास्टरपासून फुटू शकते. कॅबिनेटं कारखान्याच्या आत ट्यूबखालीच उभी राहणार आहेत. शिवाय २४ बादल्यांत टिंटर वेगवेगळा मोजून घालायचा म्हणजे २४ छोट्या बॅच तयार करणं.

जास्त पडलेला ऑक्साइड काढून घेता येत नाही, फक्त पातळ करता येतो. म्हणजे तोच फॉर्म्युला, पण पिवळ्यात नेमका बेतलेला दुसरा माल मोठ्या टाकीत त्यात मिसळणं. तेही इथे शक्य नाही. बिनचूक शेडचा तेवढाच म्हणजे ४८० लिटर पेंट मिसळला तरी Δb साधारण ०.५६ पर्यंतच येईल, मर्यादेच्या वरच.

दोन्ही पर्याय नाकारले. संयुक्त तपासणीला होकार दिला, त्यांचं मशीन आणि मास्टर पॅनेल सोबत आणावं अशी विनंती केली.

१५ जुलै

संयुक्त तपासणी. त्यांची दोन माणसं पोर्टेबल मशीन आणि त्यांच्याकडची मास्टरची जोडप्रत घेऊन आली.

आधी दोन्ही मशीनवर तीच टाइल आणि तीच तीन पॅनेलं मोजली. एकाच पॅनेलवर दोन मशीनमध्ये जास्तीत जास्त ०.१७ चा फरक. दोन चांगल्या मशीनमध्ये एवढा असतोच, आणि तो १.२४ ला ०.६६ करण्याएवढा नाही. दोन्ही मास्टर पॅनेलंही एकमेकांशी ०.१२ वर जुळली.

मग त्यांच्या मशीनवर त्यांच्या मास्टर पॅनेलला स्टँडर्ड म्हणून ताजं वाचून आपलं नाकारलेलं पॅनेल मोजलं: ΔE १.१९, Δb +१.०८. त्यांच्याच मशीनवर, त्यांच्याच मास्टरशी बॅच नापास. इथून चर्चेचा सूर बदलला.

उरला प्रश्न ०.६६ चा. त्यांच्या मशीनमध्ये साठवलेलं या शेडचं स्टँडर्ड उघडून मास्टरशी ताडलं. ते मास्टर नव्हतंच. पूर्वी मंजूर झालेल्या एका बॅचचं पॅनेल स्टँडर्ड म्हणून साठवलं गेलं होतं, आणि तेव्हापासून तपासणी त्याच्याशीच होत होती. मास्टरपासून ते असं आहे: ΔL −०.३०, Δa +०.१०, Δb +०.४८, ΔE ०.५७. ती बॅच स्वतः पास होती, फक्त पिवळ्याच्या कडेला टेकलेली.

आता हिशोब जुळतो. नाकारलेली बॅच त्या पॅनेलपासून ΔL −०.२१, Δa +०.०८, Δb +०.६४ इतकी दूर, म्हणजे ΔE ०.६८. सर्टिफिकेटवरचा ०.६६ तोच आहे. मोजमाप खोटं नव्हतं, मोजायला सुरुवातच सरकलेल्या जागेवरून झाली होती. आणि त्या सरकलेल्या जागेवरूनसुद्धा Δb ०.६४ म्हणजे ०.५ च्या बाहेरच होता. सर्टिफिकेटवर फक्त ΔE छापला जात असल्याने तो कोणाच्या नजरेला आला नाही.

मागची बॅच, आपल्याकडे ०.२२ आलेली, त्याच चुकीच्या स्टँडर्डशी मोजली तर ΔE ०.५२ येते. तीही पास. म्हणजे अशा स्टँडर्डने उत्तम बॅच आणि नापास बॅच दोन्ही सुटतात, आणि सर्टिफिकेटवर त्यांत ०.१४ चाच फरक दिसतो.

संयुक्त नोंदीवर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. बॅच परत घेण्याचं मान्य.

१७ जुलै

रिटर्न चलान करून २४ बादल्या गाडीत चढवल्या. १९ सीलबंद, ५ उघडलेल्या, झाकणं टेपने बंद करून. सॅम्पलला गेलेला पेंट वजा दाखवला. नाकारलेल्या बॅचचं एक पॅनेल आपल्याकडे ठेवलं, मागे तारीख आणि रीडिंग लिहून.

त्यांच्याकडून कळलं की बॅच टिकिटात पिवळ्या ऑक्साइडची पेस्ट दोनदा घातल्याची नोंद आहे. दुसरी घालणी त्यांच्या शेड जुळवणीत, त्या साठवलेल्या स्टँडर्डकडे नेण्यासाठी झाली होती. पहिल्या घालणीनंतरचं रीडिंग त्यांनी पाठवलं. मास्टरशी ताडलं तर तेव्हाच बॅच पास होती.

लाइन बुधवारपर्यंत चालली. आता दरवाजे थांबवून प्रायमरचं काम पुढे घेतलं आहे. प्रायमर लावलेले पत्रे जास्त दिवस राहणार, त्यामुळे टॉपकोटआधी ३२० च्या कागदाने हलकं घासून पुसून घ्यावे लागतील. तो वेळ वेळापत्रकात धरला.

२४ जुलै

बदली बॅचचं स्प्रे पॅनेल मंजुरीसाठी आलं. मास्टरशी: ΔL −०.१४, Δa +०.०५, Δb +०.२१, ΔE ०.२६. पिवळ्या बल्बच्या ए प्रकाशात ΔE ०.२९, टीएल ८४ मध्ये ०.२८. तिन्ही प्रकाशांत आकडा जवळजवळ तोच, म्हणजे फॉर्म्युल्यात परका रंगकण घुसलेला नाही. माल पाठवायला होकार दिला.

२६ जुलै

माल आला. पाच बादल्या पूर्वीसारख्याच काढून पॅनेलं केली, रीडिंग उद्या.

करारात तीन बदल दोन्हीकडून मान्य झाले. सर्टिफिकेटवर ΔL, Δa, Δb आणि ΔE चारही छापायचे. मशीनमधलं स्टँडर्ड मास्टर पॅनेलवरूनच वाचायचं आणि ते कोणत्या तारखेला वाचलं ती तारीख सर्टिफिकेटवर द्यायची. दर सहा महिन्यांनी दोन्ही मास्टर पॅनेलं एकाच मशीनवर ताडायची, ०.३ च्या वर फरक दिसला तर ग्राहकाकडून नवी जोडी सही करून घ्यायची. पहिली ताडणी जानेवारीत आपल्याकडे.